पंख्याचा लंबक: ३० अंशांच्या समतोल बिंदूभोवती रेषीयीकरण (प्रकल्प नोंदी)

३ जून २०२४

मांडणी अशी. ५० सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची चौकोनी नळी वरच्या टोकापासून २ सेंटिमीटरवर बेअरिंगमध्ये अडकवली आहे. बेअरिंगपासून ४६ सेंटिमीटरवर ब्रशलेस मोटर आणि ५ इंची प्रोपेलर. मोटर दांड्यालाच पक्की असल्यामुळे प्रोपेलरचा जोर दांडा कुठल्याही कोनात असला तरी त्याला काटकोनातच लागतो, आणि समीकरण त्यामुळे सुटसुटीत राहते. कोन θ खाली लटकलेल्या स्थितीपासून मोजायचा.

```
J·θ'' + b·θ' + m·g·l·sin(θ) = L·F
F = k·p²
```

J म्हणजे पिव्होटभोवतीचे जडत्व आघूर्ण, b डॅम्पिंग, l पिव्होटपासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर, L पिव्होटपासून मोटरपर्यंतचे आणि F पंख्याचा जोर. p म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या ईएससीला जाणाऱ्या पल्सची रुंदी, मायक्रोसेकंदांत, मोटर जेमतेम फिरू लागते तिथपासून मोजलेली. जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि खालच्या पट्ट्यात फेऱ्या पल्सच्या प्रमाणात वाढतात, म्हणून वर्ग.

या समीकरणात सरळ रेषेत न बसणाऱ्या जागा दोन आहेत: डावीकडचा sin आणि उजवीकडचा वर्ग. पुस्तकातल्या लंबकात पहिलीच असते, म्हणून तिथे θ = 0 भोवती sin(θ) ≈ θ लिहून काम भागते. इथे तसे केले तर हाती काहीच लागत नाही. θ = 0 ला समतोल राखायला p = 0 लागतो, आणि p² चा उतार शून्यापाशी शून्य असतो. म्हणजे तिथे काढलेल्या ट्रान्सफर फंक्शनचा गेन शून्य येतो. गणितात चूक नाही, पण त्या फंक्शनवर कंट्रोलर बेतता येत नाही. म्हणून समतोल बिंदू ३० अंशांचा घ्यायचा ठरवले. तिथे पंखा सतत फिरत असतो, जोराचा उतार ठळक असतो आणि सरळ ९० अंशांपासून आपण बरेच दूर असतो.

५ जून

कोन मोजायला पिव्होटवर पोटेन्शिओमीटर बसवला होता, तो काढावा लागला. मोटर बंद ठेवून दांडा १२ अंशांवरून सोडला तर लागोपाठचे झोके १२, १०.४, ८.८, ७.२ असे आले, म्हणजे दर झोक्याला बरोबर १.६ अंशांची घट. हवेचे किंवा बेअरिंगमधल्या ग्रीसचे डॅम्पिंग वेगाच्या प्रमाणात असते तेव्हा घट टक्क्यांत सारखी येते. अंशांत सारखी आली की समजायचे कोरडे घर्षण आहे. घटीचा चौथा भाग, ०.४ अंश, एवढ्या पट्ट्यात दांडा दोन्ही बाजूंना कुठेही अडकून थांबू शकतो.

कोरड्या घर्षणाला समतोलाभोवती उतारच नसतो: वेग शून्याच्या अलीकडे एक किंमत, पलीकडे तिच्या उलट. ते सरळ रेषेत बसवायचा प्रयत्न केला की b ची किंमत झोक्याच्या आकाराप्रमाणे बदलत राहते. यावर गणिती उपाय शोधण्यापेक्षा घर्षण काढून टाकणे सोपे. पिव्होटच्या टोकाला चुंबक चिकटवून समोर १२ बिटांचा चुंबकीय एन्कोडर लावला. कशाला स्पर्श नाही, पायरी ०.०८८ अंशांची.

मोटरच्या तीन वायरींचाही असाच त्रास होता. साध्या पीव्हीसी वायरी दांड्याला स्प्रिंगसारख्या ओढत होत्या आणि लटकलेल्या दांड्याचा शून्य कोन दर वेळी वेगळा येत होता. सिलिकॉनच्या मऊ वायरी घेतल्या, पिव्होटजवळ सैल वळसा ठेवला. शून्य आता एन्कोडरच्या एका पायरीच्या आत परत येतो.

६ जून

mgl आणि J. सुरुवातीला प्रत्येक भाग वेगळा तोलून हिशेब केला: नळी ४९ ग्रॅम, तिचा गुरुत्वमध्य पिव्होटपासून २३ सेंटिमीटरवर, मोटर, पंखा, पट्टी आणि स्क्रू मिळून ६२ ग्रॅम, ४६ सेंटिमीटरवर. त्यावरून mgl = ०.३९० न्यूटन-मीटर आणि J = ०.०१६७ किलोग्रॅम-मीटर वर्ग. g साठी ९.७९ घेतला. मुंबई-पुण्याच्या अक्षांशाला ९.८१ पेक्षा हाच जवळचा आहे, फरक मात्र नळीच्या वजनातल्या चुकीपेक्षाही लहान आहे.

हिशेबाची खात्री करायला यापेक्षा सोपी वाट आहे. दांडा बरोबर आडवा धरून मोटरचे टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवले. काट्याने ८६.५ ग्रॅम दाखवले. हा आकडा सरळ mgl/L आहे, ग्रॅममध्ये. ३० अंशांवर दांडा धरायला याच्या निम्मा जोर लागणार, कारण sin 30° = 0.5, म्हणजे ४३.२ ग्रॅम. इथे गुरुत्वमध्य शोधायची गरजच उरत नाही.

J साठी दांडा ८ अंशांवरून सोडून २० झोके मोजले: २६.०४ सेकंद, एका झोक्याला १.३०२. `J = mgl·T²/(4π²)` या सूत्राने ०.०१६७ येतो, भाग तोलून काढलेल्या आकड्याइतकाच. झोका १० अंशांच्या आत ठेवला की मोठ्या कोनामुळे वाढणारा कालावधी ०.२ टक्क्यांच्या आत राहतो. ३० अंशांवरून सोडला असता तर तो पावणेदोन टक्के लांबला असता आणि J साडेतीन टक्के जास्त आला असता.

१० जून

पल्स आणि जोर यांचा तक्ता दोनदा करावा लागला. पहिल्या वेळी तीन सेलच्या लिथियम बॅटरीवर केला आणि सकाळ-दुपारचे आकडे जुळेनात. पल्स तीच असली तरी मोटरच्या फेऱ्या व्होल्टेजबरोबर बदलतात आणि जोर साधारण व्होल्टेजच्या वर्गाने. बॅटरी १२.६ वरून ११.१ व्होल्टवर आली की जोर २२ टक्क्यांनी घटतो. ३० अंशांवर उभा असलेला दांडा २३ अंशांच्या आसपास उतरतो. आपण ज्या बिंदूभोवती रेषीयीकरण करतो आहोत तो बिंदूच असा सरकत असेल तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ नाही. १२ व्होल्टचा बेंच पॉवर सप्लाय लावला आणि तक्ता नव्याने केला.

पद्धत: दांडा आडवा, मोटरचे टोक काट्यावर, पंख्याचा जोर वरच्या दिशेने. काट्याचा आकडा जेवढा उतरतो तेवढा जोर. पंख्याची हवा काट्याच्या तबकडीवर आपटली तर आकडा खोटा येतो, म्हणून टोकाखाली २५ सेंटिमीटर उंच बारीक काडी उभी केली आणि काटा तिच्याखाली ठेवला. पंख्याभोवती जाळी आणि डोळ्यांवर चष्मा हे दोन्ही असल्याशिवाय मोटर चालू करायची नाही.

पल्स १२०० ला १४.७ ग्रॅम, १२५० ला २७, १३०० ला ४३, १३५० ला ६३. जोराचे वर्गमूळ पल्सच्या विरुद्ध काढले तर बिंदू सरळ रेषेवर बसतात आणि रेषा १०६० पाशी शून्याला मिळते. त्यामुळे p = पल्स − 1060 आणि k = ०.०००७५ ग्रॅम प्रति मायक्रोसेकंद वर्ग. वर्गमूळाचा आलेख काढायचा फायदा हा की वर्गाचा नियम कुठे मोडतो ते डोळ्यांना लगेच दिसते. ११५० च्या खाली बिंदू रेषा सोडतात, तिथे मोटर अडखळत फिरते. तो भाग वापरायचा नाही.

३० अंशांसाठी ४३.२ ग्रॅम, म्हणजे p = २४०, पल्स १३००. समतोल बिंदू ठरला.

११ जून

रेषीयीकरण. समतोलापासूनचे विचलन धरायचे: δθ = θ − 30°, δu = पल्स − 1300. sin चा उतार त्या बिंदूपाशी cos 30°, आणि p² चा उतार 2p₀. समतोलातले स्थिर आघूर्ण दोन्ही बाजूंनी सारखे असल्याने एकमेकांना कापते, उरते ते एवढे:

```
J·δθ'' + b·δθ' + mgl·cos(θ0)·δθ = 2·L·k·p0·δu
```

डावीकडे स्प्रिंगची जागा mgl·cos 30° = ०.३३७ ने घेतली आहे. यावरून ωn² = २०.२, ωn = ४.४९ रेडियन प्रति सेकंद, झोका १.४० सेकंदांचा. लटकलेल्या स्थितीत झोका १.३० सेकंदांचा होता. इथे सवयीने sin(θ) ≈ θ लिहिले तर कालावधी १.३० चाच येतो आणि चूक लपून राहते, कारण ७ टक्क्यांचा फरक कोणालाही मोजमापातला वाटू शकतो.

स्थिर गेन, म्हणजे पल्स एक मायक्रोसेकंद वाढवली तर दांडा शेवटी किती अंश वर जाईल, हा आकडा आणखी सोप्या रूपात निघतो. वरच्या समीकरणात समतोलाची अट mgl·sin θ₀ = L·k·p₀² भरली की वस्तुमान, लांबी आणि k तिन्ही निघून जातात:

```
dθ/du = 2·tan(θ0)/p0
```

३० अंश आणि २४० साठी ०.००४८१ रेडियन, म्हणजे ०.२७६ अंश प्रति मायक्रोसेकंद. या सूत्राला फक्त कोन आणि पल्स लागते. काटा किंवा J चुकला असेल तरी ते चुकणार नाही, त्यामुळे पडताळणीला अगदी भरवशाचे.

हाताने काढलेले उतार बरोबर आहेत का हे मूळ समीकरणावर छोट्या फरकाने तपासले:

```python
import numpy as np
J, b, mgl, L, k = 0.01673, 0.0097, 0.3895, 0.46, 7.34e-6

def f(x, p):
    th, w = x
    return np.array([w, (L*k*p**2 - mgl*np.sin(th) - b*w)/J])

th0 = np.deg2rad(30)
p0 = np.sqrt(mgl*np.sin(th0)/(L*k))
x0, h = np.array([th0, 0.0]), 1e-5
A = np.column_stack([(f(x0+h*e, p0) - f(x0-h*e, p0))/(2*h)
                     for e in np.eye(2)])
B = (f(x0, p0+h) - f(x0, p0-h))/(2*h)
print(f(x0, p0), A, B, sep="\n")
```

इथे k न्यूटनमध्ये आहे. A च्या खालच्या ओळीत −२०.१६ आणि −०.५८, B मध्ये ०.०९७. पहिल्या ओळीत छापलेला f(x0, p0) शून्य आला पाहिजे. तो शून्य नसेल तर घेतलेला बिंदू समतोलाचा नाही, आणि मग A, B कितीही सुबक दिसले तरी फेकून द्यायचे. θ अंशांत भरला की हीच ओळ पहिली ओरडते.

१३ जून

वरच्या कोडमध्ये b = ०.००९७ आहे. हा आकडा (कोडमध्ये आज दुरुस्त करून भरलेला) कुठून आला ते लिहून ठेवणे गरजेचे, कारण आधी वेगळाच होता.

मोटर बंद ठेवून घेतलेल्या झोक्यांत दर झोक्याला सुमारे ८ टक्के घट होती. त्यावरून डॅम्पिंगचे गुणोत्तर ζ = ०.०१४ आणि b = ०.००२२. हाच b मॉडेलमध्ये घातला होता. आज पल्स १३०० वर दांडा ३० अंशांना स्थिर झाल्यावर बोटाने ४ अंशांचा धक्का दिला. झोके ४, २.७, १.८, १.२. दर झोक्याला ३३ टक्के घट, ζ = ०.०६५. कालावधी मात्र १.४० सेकंद, भाकिताइतकाच. म्हणजे स्प्रिंगचा उतार बरोबर आहे, पण डॅम्पिंग चौपटीहून जास्त.

कारण फिरत्या पंख्यात आहे. दांडा पंख्याच्या जोराच्या दिशेने सरकतो तेव्हा पंख्याला समोरून हवा मिळते, पात्यांचा हवेशी होणारा कोन कमी होतो आणि जोर घटतो. मागे येतो तेव्हा वाढतो. वेगाच्या उलट वागणारा जोर म्हणजे डॅम्पिंगच. म्हणजे F फक्त p वर अवलंबून आहे हे गृहीतकच अपुरे होते; खरे F(p, v) आहे, v = L·θ', आणि रेषीयीकरण करताना ∂F/∂v हा तिसरा उतारही घ्यायला हवा:

```
b_total = b + L²·|∂F/∂v|
```

मोजलेल्या फरकावरून हा उतार ०.०३५ न्यूटन दर मीटर प्रति सेकंद निघतो. आकडा पटण्यासारखा आहे का? ४.५ इंच पिचचा पंखा साधारण १०० फेरे प्रति सेकंद या गतीने फिरत असेल तर पिचच्या हिशेबाने हवेचा वेग ११ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, आणि समोरून तेवढी हवा आली की जोर जवळजवळ संपतो. ०.४२ न्यूटन भागिले ११ म्हणजे ०.०३८. जुळते.

समतोल बिंदूवरचे डॅम्पिंग समतोल बिंदूवरच मोजायचे, ही गोष्ट पुढे कंट्रोलर लावताना किती महत्त्वाची ठरते ते १९ तारखेच्या नोंदीत आहे.

१४ जून

आजपर्यंतचे फंक्शन, अंश प्रति मायक्रोसेकंद:

```
G(s) = 5.56 / (s² + 0.58·s + 20.2)
```

हे किती दूरवर खरे आहे ते पाहण्यासाठी पल्सच्या पायऱ्या दिल्या. १३१० ला दांडा २.९ अंश वर स्थिरावला, १२९० ला २.७ अंश खाली. फंक्शन दोन्हीकडे २.७६ म्हणते. वर जास्त आणि खाली कमी हा फरक चुकीचा नाही: sin चा आलेख वर जाताना सपाट होतो आणि p² चा चढतो, दोन्ही वक्रता वरच्या बाजूला एकमेकींना मदत करतात. वर-खाली दोन्ही पायऱ्या देऊन सरासरी घेतली की वक्रतेचा पहिला हिस्सा कापला जातो आणि उतार स्वच्छ मिळतो. एकाच दिशेची पायरी देऊन गेन काढला तर तो नेहमी एका बाजूला झुकलेला येईल.

४० मायक्रोसेकंदांच्या पायरीला मूळ समीकरण वर १२.९ आणि खाली ९.७ अंश देते, फंक्शन दोन्हीकडे ११. अजून चालवून घेता येईल. त्यापुढे मात्र फरक प्रकाराचा होतो. समीकरण सांगते की p = ३३९, पल्स १३९९ ला दांडा ९० अंशांवर पोचतो आणि त्यापुढे समतोलच नाही. १४०० ला फंक्शन शांतपणे ५७.६ अंश सांगते; खरा दांडा फिरून वरून पलीकडे जातो. म्हणून ९५ अंशांवर रबरी अडसर लावला आहे.

पायरी अचानक दिली तर धोका आणखी अलीकडे येतो. डॅम्पिंग कमी असल्याने दांडा नव्या समतोलाच्या पलीकडे झोका घेतो, आणि पलीकडे, १८० उणे तोच कोन, इथे दुसरा अस्थिर समतोल आहे. तो ओलांडला की परत येणे नाही. डॅम्पिंग शून्य धरून ऊर्जेचा हिशेब केला तर ७७ मायक्रोसेकंदांची अचानक पायरी पुरते. सावकाश वाढवत नेले तर १३८० लाही दांडा ६३ अंशांवर शांत उभा राहतो. एकच पल्स, पण पोचण्याच्या रीतीवर निकाल ठरतो, आणि ही गोष्ट कुठल्याही ट्रान्सफर फंक्शनमध्ये दिसणार नाही.

चाचणीसाठी ±१५ मायक्रोसेकंदांची मर्यादा ठरवली.

१९ जून

लूप बंद केला. फक्त प्रपोर्शनल नियंत्रण: कोनातली चूक गुणिले Kp, आणि त्यात १३०० मिळवायचे. हे १३०० विसरले की मोटर बंदच राहते. ट्रान्सफर फंक्शन विचलनाचे आहे, कंट्रोलरचे उत्तरही विचलनच असते, आणि ईएससीला पूर्ण पल्स हवी असते.

१४ तारखेचे दुसऱ्या घाताचे फंक्शन म्हणते Kp कितीही वाढवा, पोल डाव्या बाजूलाच राहतील. प्रत्यक्षात Kp = १ ला दांडा बराच वेळ डुलून शांत झाला, १.४ ला डुलणे संपेचना, १.६ ला झोके वाढत गेले आणि अडसराला लागण्याआधी पल्स बंद करावी लागली.

मॉडेलमध्ये मोटर नव्हती. पल्स बदलल्यावर फेऱ्या बदलायला वेळ लागतो. पंख्याच्या पात्यावर पांढरा ठिपका लावून इन्फ्रारेड सेन्सरने फेऱ्या मोजल्या; १३०० वरून १३३० केल्यावर बदलाचा ६३ टक्के भाग ०.०८ सेकंदांत पूर्ण होतो. त्याने फंक्शन असे झाले:

```
G(s) = 5.56 / ((0.08·s + 1)·(s² + 0.58·s + 20.2))
```

०.०८ सेकंद १.४ सेकंदांच्या झोक्यापुढे नगण्य वाटतात. पण ४.४९ रेडियन प्रति सेकंदाला त्यातून २० अंशांचा फेज मागे पडतो, आणि हलक्या डॅम्पिंगच्या यंत्रणेला तेवढे पुरते. बंद लूपचे समीकरण:

```
0.08·s³ + 1.046·s² + 2.196·s + (20.2 + 5.56·Kp) = 0
```

राउथच्या कसोटीने 1.046 × 2.196 > 0.08·(20.2 + 5.56·Kp), म्हणजे Kp ची मर्यादा १.५. सीमेवरच्या आंदोलनाची गती √(2.196/0.08) = ५.२४ रेडियन प्रति सेकंद, कालावधी १.२० सेकंद. लॉगमध्ये वाढत्या झोक्यांचा कालावधी १.२ सेकंदच दिसतो. मर्यादा आणि कालावधी दोन्ही जुळले, हे महत्त्वाचे. मर्यादा एकटी योगायोगानेही जुळू शकते.

आता डॅम्पिंगकडे परत. मोटर बंद असतानाचा b ठेवला असता तर ०.५८ च्या जागी ०.१३ आले असते आणि Kp ची मर्यादा ०.३ निघाली असती, खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याची. तीच यंत्रणा, तेच रेषीयीकरण, फक्त एक उतार चुकीच्या ठिकाणी मोजलेला.

२१ जून

डेरिव्हेटिव्ह जोडला. Kp = १, Kd = १ मायक्रोसेकंद प्रति अंश प्रति सेकंद. हिशेबाने एक पोल −५.९ वर, जोडीची ζ = ०.४९. एन्कोडरची पायरी ०.०८८ अंशांची आहे आणि लूप १०० हर्ट्झचा, म्हणून थेट फरक घेतला तर वेगाचा आकडा ८.८ अंश प्रति सेकंदाच्या उड्या मारतो आणि मोटर कर्कश वाजते. पाच नमुन्यांवरचा फरक घेतल्यावर आवाज गेला; त्यामुळे वाढलेला उशीर २० मिलिसेकंदांचा, या गतीला चालतो.

लक्ष्य ३ अंशांनी बदलले की दांडा एकदा थोडा पुढे जाऊन थांबतो. लक्ष्यापाशी पोचत नाही हे अपेक्षित: Kp गुणिले ०.२७६ इतकाच स्थिर गेन असल्याने तीनपैकी ०.६५ अंशच मिळतात. इंटिग्रल जोडायचा आहे.

२४ जून

हाच कंट्रोलर ६० अंशांवर चालेल का? तिथे समतोलाची पल्स १३७६, p₀ = ३१६. स्थिर गेन 2·tan 60°/316, म्हणजे ०.६३ अंश प्रति मायक्रोसेकंद, ३० अंशांवरच्या सव्वादोन पट. हा आकडा पाहून Kp निम्मा करायची घाई होते. पण स्प्रिंगही निम्म्यावर आली आहे, ωn² = ११.६, आणि वरचा आकडा ५.५६ वरून ७.३ वर गेला आहे, फक्त १.३ पट. स्थिरता ठरते ती आंदोलनाच्या गतीजवळच्या गेनवर, आणि तिथे स्प्रिंगपेक्षा जडत्वाचा वाटा मोठा. पंखा जोरात फिरत असल्याने डॅम्पिंगही वाढलेले, हिशेबाने ०.७२. राउथने मर्यादा १.४ येते, ३० अंशांच्या जवळच. कंट्रोलर न बदलता चालवला, ६० ला स्थिर राहिला.

९० अंशांवर cos शून्य, स्प्रिंग नाहीशी, एक पोल थेट शून्यावर. त्यापलीकडे स्प्रिंग उलटी. १२० अंशांना लागणारी पल्स ६० अंशांचीच, १३७६, कारण sin सारखाच. पण मोटरचा उशीर बाजूला ठेवला तर पोल −३.८ आणि +३.१ वर. तोल गेला तर चूक दर ०.३३ सेकंदाला २.७ पट होते आणि मोटरच्या ०.०८ सेकंदांचा त्यात मोठा हिस्सा जातो. तिथे Kp ला खालची मर्यादाही येते: 7.3·Kp हे ११.६ पेक्षा जास्त हवे, म्हणजे Kp किमान १.६. सध्याचा १ पुरणार नाही. अडसर ९५ वरून १४० अंशांवर नेईपर्यंत ही चाचणी थांबवली आहे.

फाइलमध्ये प्रत्येक फंक्शनच्या वर आता चार गोष्टी लिहिल्या आहेत: θ₀, p₀, सप्लायचे व्होल्टेज आणि δu ची मर्यादा. ३० अंशांसाठी: ३०°, २४०, १२.० व्होल्ट, ±१५.